बाळ रात्रभर झोपायला लागलं की दूध टिकवायची तयारी

पहिल्या बाळाने रात्री सलग झोपायला सुरुवात केली तेव्हा मीही ढाराढूर झोपले आणि दिवसाचे फीड काही मोजले नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या वेळी हे सगळं आधीच लिहून ठेवतेय.

आधी वजन बघा. जन्माचं वजन अजून भरून आलेलं नसेल तर झोपू द्यायचा प्रश्नच नाही, तीन तासांनी उठवून पाजा. बाळ लवकर जन्मलेलं असेल, कावीळ असेल तर किती तासांनी ते डॉक्टरांना विचारा. वजन छान वाढतंय, डायपर भरपूर ओले होतायत, तर रात्री झोपू दे बिनधास्त.

आता मुद्द्याचं. २४ तासांत किती फीड झाले ते मोजा! रात्रीचे नाही, दिवसाचे नाही, २४ तासांचे. समजा तीन महिन्यांचं बाळ आधी दर तीन तासांनी प्यायचं म्हणजे आठ फीड, आता ते रात्री साडेआठला झोपून थेट पाचला उठतं. अकराचं आणि दोनचं गेलं, राहिले सहा. दिवसाचं अंतर तेच तीन तासांचं ठेवलं तर सहाचे सहाच राहणार, आणि शरीर पुढच्या काही दिवसांत सहाच्या हिशोबाने दूध बनवायला लागणार, कारण छाती भरलेली राहिली की दूध बनायचा वेग मंदावतो. त्यापेक्षा पहाटे पाच, साडेसात, दहा, साडेबारा, तीन, साडेपाच, आठ असं अडीच तासांवर आणा आणि साडेदहाला, स्वतः झोपायच्या आधी, बाळाला झोपेतच उचलून पाजा. झाले आठ. बाळ पूर्ण जागं करायचं नाही, दिवा मंद, ओठाला स्तनाग्र लावलं की बरीच बाळं डोळे मिटूनच ओढतात. नाही ओढलं तर त्या वेळी पंप करा.

दिवसा बाळ मागत नाही म्हणून अंतर वाढवत बसू नका. परत सांगते, रात्रीचं गेलेलं दिवसात बसवा. पाहुणे आले, बाळ मांडीवरून मांडीवर फिरलं, दुपारचं राहिलं, संध्याकाळचं राहिलं, असंच होतं आणि मग दोष झोपेला दिला जातो.

प्रत्येकीला हे लागेलच असं नाही. काहींच्या छातीत एका वेळी जास्त दूध साठतं, त्यांना सात-आठ तासांच्या गॅपने फरक पडत नाही, दोन-तीन दिवस डायपर बघून आपलं आपल्याला कळतं.

रात्री दोनला छाती दगडासारखी होऊन जाग आली तर उशाशी वाटी आणि नॅपकिन असू दे, हाताने थोडंसं काढा, फक्त ताण कमी होईल एवढंच. रोज रात्री पूर्ण रिकामी केलीत तर शरीर दोनचीच ऑर्डर धरून बसेल. पण दूध आधीच कमी वाटत असेल तर उलट, रात्री एकदा नीट पंप केलेलं बरं, रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं. सकाळी दुखणारी गाठ राहिली तर आधी त्या बाजूने पाजा, आणि ताप आला किंवा लाल चट्टा दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर.

घाबरायचं कधी? साधारण दीड ते तीन महिन्यांत छाती मऊ वाटायला लागते, गळणं थांबतं, त्याने दूध कमी झालं असं होत नाही. पंपात कमी आलं म्हणूनही नाही, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. दिवसाला सहाच्या वर ओले डायपर आणि वजनाचा काटा, एवढंच खरं. सासूबाई म्हणतील, दूध पुरत नाही, वरचं द्या. देण्याआधी २४ तासांचे फीड मोजा म्हणते ना! वरची बाटली दिली की ते फीडही गेलंच, मग त्या वेळी पंप करा.

बाकी पटापट. अळीव, डिंकाचे लाडू खा हवे तेवढे, पण फीडच्या जागी नाही. नाक चोंदलं म्हणून स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी नको, दूध घटू शकतं. गर्भनिरोधक गोळी घेताना पाजतेय हे सांगा, इस्ट्रोजेन असलेली नको म्हणा. ऑफिस सुरू होणार असेल तर तिथला पंपही मोजणीत धरा. सहा महिन्यांनंतर पेज-वरण सुरू झालं की आधी अंगावर, मग वाटी. आणि एवढं सगळं करूनही वजन थांबलं तर यादी बाजूला ठेवा, बाळाला दाखवून आणा.