रेटिंग चांगलं, वाढ कमी: नाराज सहकाऱ्याला हिशोब कसा समजावून सांगावा

अप्रेझलची पत्रं वाटली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी दाराशी येऊन उभं राहतं. "मॅडम, रेटिंग चार दिलंत आणि वाढ पाच टक्के? शेजारच्यालाही चारच आहे, त्याला दहा मिळाले. मग मी वर्षभर राबलो कशासाठी?"

मी नवी मॅनेजर असताना या प्रश्नाला "यंदा बजेट कमी होतं" एवढंच उत्तर दिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्यातून शेजाऱ्याच्या दहा टक्क्यांचा उलगडा होत नव्हता. त्या माणसाचा पाच टक्क्यांवरचा राग एक वेळ ओसरला असता, पण मी काहीतरी लपवतेय ही शंका त्याच्या मनातून गेली नाही. तेव्हापासून मी असा प्रश्न आला की कागद-पेन घेऊन बसते.

आधी तक्रार नेमकी कशाची आहे ते ओळखा

"माझ्यावर अन्याय झाला" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात: रेटिंग पटलेलं नाही, रेटिंग पटलंय पण वाढ पटलेली नाही, किंवा बोनस कमी आलाय. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून मी सरळ विचारते, "रेटिंग चार मिळालं ते बरोबर वाटतं का?" तो हो म्हणाला तर रेटिंगची चर्चा तिथेच थांबवते. नाही म्हणाला तर पैशांचा विषय बाजूला ठेवून आधी कामाबद्दल बोलावं लागतं. रेटिंगच मान्य नसेल तर पुढच्या हिशोबाला काही अर्थ उरत नाही.

बोलायला बसण्याआधी एचआरकडून चार गोष्टी मागून घ्या: त्या माणसाच्या ग्रेडचा पगाराचा पट्टा, म्हणजे त्या ग्रेडमधला किमान ते कमाल पगार, आणि त्याचा मध्यबिंदू, वाढीचा तक्ता, बोनसचं सूत्र, आणि कंपनीचं वर्ष कसं गेलं त्यावरून बोनसला लागणारा कंपनीचा गुणक यंदा किती ठरला तो. यातलं काय दाखवायला परवानगी आहे तेही आधीच विचारून ठेवा. सगळ्याच कंपन्या पट्टा उघड करत नाहीत.

वाढीचा तक्ता कागदावर काढा

बहुतेकांना वाटतं की रेटिंग ठरलं की वाढ ठरली. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांत वाढ दोन गोष्टींवर ठरते: रेटिंग, आणि सध्याचा पगार त्या ग्रेडच्या पट्ट्यात कुठे बसतो. त्या कामाला जो पगार कंपनी योग्य धरते तो साधारण पट्ट्याच्या मध्यबिंदूवर असतो. कुणी त्याच्या खाली असेल तर त्याला वर आणायला वाढ जास्त देतात, वर असेल तर वेग कमी होतो.

समजा ग्रेडचा मध्यबिंदू महिना ५०,००० आहे. समोरच्या माणसाचा पगार ६०,०००, म्हणजे मध्यबिंदूच्या १२० टक्के. चार रेटिंगच्या ओळीत तीन खाने आहेत असं धरू: ९० टक्क्यांच्या खाली असेल तर १० टक्के वाढ, ९० ते ११० मध्ये ७ टक्के, त्याच्या वर ५ टक्के. तो तिसऱ्या खान्यात येतो, वाढ ३,०००, नवा पगार ६३,०००. त्याच रेटिंगचा पण ४२,५०० पगार असलेला माणूस ८५ टक्क्यांवर असतो, म्हणून पहिल्या खान्यात जातो. त्याला १० टक्के, म्हणजे ४,२५० मिळतात आणि त्याचा पगार ४६,७५० होतो.

शेजाऱ्याचा पगार मात्र चुकूनही सांगू नका. "त्यांच्याबद्दल मला बोलता येणार नाही, पण एकाच ओळीत वेगवेगळे आकडे कसे येतात ते दाखवते," एवढं पुरतं. "तुझा पगार तरीही जास्तच आहे ना!" हेही म्हणू नका. खरं असलं तरी ते ऐकताना टोमण्यासारखं लागतं.

इथे बजेटचा मुद्दा येतो आणि आता तो समजतोही. टीमसाठी वाढीची एकूण रक्कम आधी ठरते. एका खान्यातला आकडा वाढवला की दुसऱ्या कुठल्यातरी खान्यातून तो काढावा लागतो.

बोनसचा गुणाकार वेगळा करून दाखवा

वाढ आणि बोनस एकाच श्वासात सांगितले की गोंधळ होतो. वाढ कायमची असते, पुढच्या वर्षीची वाढ तिच्यावर बसते. बोनस त्या वर्षापुरता असतो, आणि त्यात माणसाच्या हाताबाहेरचा एक आकडा घुसतो.

याच उदाहरणात वर्षाचा जुना पगार ७,२०,००० झाला. टार्गेट बोनस, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर मिळणारा बोनस, १० टक्के धरू. तो झाला ७२,०००. चार रेटिंगचा वैयक्तिक गुणक १.२ धरू. पण कंपनीचं वर्ष मध्यम गेलं, म्हणून कंपनीचा गुणक ०.८ ठरला. ७२,००० गुणिले १.२ गुणिले ०.८ म्हणजे ६९,१२०. अपेक्षेपेक्षा चांगलं काम करूनही बोनस टार्गेटपेक्षा कमी आला. अशा वेळी मी तीन रेटिंगचा हिशोबही मांडते, गुणक १ धरून: ५७,६००. वर्ष वाईट होतं, तरी त्याच्या कामामुळे ११,५२० जास्त मिळाले, हे तेव्हा दिसतं.

काही कंपन्यांत हे आकडे गुणत नाहीत, वजन देऊन बेरीज करतात, म्हणून सूत्र पत्रातूनच घ्या.

मेहनतीबद्दल खरं बोला

सगळ्यात अवघड भाग हाच. रात्री उशिरापर्यंत थांबून, सुट्टीत फोन उचलून काम केलेलं असतं आणि ते खरंच असतं. पण रेटिंग तासांना मिळत नाही, वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या उद्दिष्टांना मिळतं. दुसऱ्या टीमचं अडलेलं काम सोडवण्यात तीन महिने गेले आणि ते उद्दिष्टांत लिहिलंच नव्हतं, तर कॅलिब्रेशनच्या बैठकीत ते कुणाला दिसत नाही. या बैठकीत सगळे मॅनेजर आपापल्या लोकांची रेटिंग्ज शेजारी ठेवून ताडून बघतात. तिथे "खूप राबतो" या वाक्याला वजन नसतं, काय बदललं हे सांगावं लागतं.

असं काम नोंदवायचं राहिलं असेल तर ती चूक मॅनेजरचीही आहे आणि तसं कबूल करावं. "मी तर पाच दिलं होतं, वरून कमी झालं" असं म्हणून हात झटकू नका. त्याने माणूस क्षणभर निवळतो, पण यापुढे तुम्ही दिलेल्या कुठल्याच रेटिंगवर त्याचा विश्वास बसत नाही.

चूक शोधा, मग पुढचं बोला

हिशोब मांडताना कधीकधी खरी चूक सापडते. ग्रेड जुनीच राहिलेली असते, वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्याचे महिने कमी धरलेले असतात, किंवा दीर्घ रजेची तारीख चुकलेली असते. पत्रातला आकडा स्वतः गणित करून जुळतो का बघा. नाही जुळला तर लगेच एचआरला लेखी कळवा.

सगळं जुळलं तर ६३,००० वर बसलेल्या माणसाला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: याच ग्रेडमध्ये राहून पुढच्या वर्षी पुन्हा चार रेटिंग आलं, तरी तो तिसऱ्याच खान्यात असेल. मोठी उडी बढतीतूनच मिळू शकते, कारण वरच्या ग्रेडचा मध्यबिंदू जास्त असतो आणि तोच पगार तिथे पट्ट्याच्या खालच्या भागात येतो. त्या ग्रेडसाठी त्याच्या कामात आज काय कमी आहे ते दोन-तीन ओळींत लिहून द्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बसण्याची तारीख ठरवा. बढतीचं वचन देऊ नका, तो निर्णय एकट्या मॅनेजरचा नसतो. आणि वरच्या ग्रेडमध्ये जागाच निघणार नसेल तर तेही आजच सांगा, म्हणजे पुढचा निर्णय त्याला स्वतःचा स्वतः घेता येईल.