दुबईच्या स्टेटमेंटवर पुरे ५००० डॉलर, मग खात्यात ४९५७ कसे?

परदेशी बँकेचं स्टेटमेंट समजावून सांगायचं काम नवीन असेल, तर TT म्हणजे पैसे पाठवणं, CHG म्हणजे शुल्क, DR म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. माणूस फसतो तो SHA या तीन अक्षरांवर. म्हणून तेवढंच नीट सांगतो.

समजा, समुद्रपूर तालुक्यातल्या व्यापाऱ्यानं वायगावची हळद दुबईला पाठवली. बिल ५००० डॉलरचं, इथं जमा झाले ४९५७. तिकडचा ग्राहक स्वतःच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवतो. त्यात ५००० डॉलर गेल्याची एक ओळ, खाली TT CHG ७५ दिरहम आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे ३.७५. तो म्हणतो, पैसे पूर्ण दिले, खर्चही मीच भरला. आपला माणूस विचारतो, "मंग आपल्या बँकेनं काहून कापले जी?"

इथं घाईनं बँकेला दोष देऊ नका. ते ७५ दिरहम फक्त ग्राहकाच्या बँकेचे. SHA म्हणजे त्याच्या बँकेचा खर्च त्याचा, वाटेतल्या आणि इकडच्या बँकांचा खर्च आपला. डॉलर बहुतेक वेळा मधल्या एखाद्या बँकेतून येतात, आणि ती आपलं शुल्क रकमेतूनच कापून घेते. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर ही कपात कधीच दिसत नाही, फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी.

ती दिसते स्विफ्ट संदेशाच्या, म्हणजे बँका एकमेकींना पाठवतात त्या निरोपाच्या, आपल्या बँकेत पोहोचलेल्या प्रतीत. आपल्या बँकेकडून तीच मागवा. MT103 नावाच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात 33B समोर पाठवलेली रक्कम ५०००, 71A समोर SHA, 71F च्या दोन ओळींत कापलेलं शुल्क २५ आणि १८, आणि 32A समोर ४९५७. वहीवर वजाबाकी करून दाखवा, समोरच्याचा जीव तिथंच भांड्यात पडतो.

नव्या पद्धतीच्या संदेशात SHA ऐवजी SHAR येतं, OUR ऐवजी DEBT आणि BEN ऐवजी CRED. मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका, माझा त्याला साफ विरोध आहे. तिथं DEBT चं 'कर्ज' होतं आणि व्यापारी रात्रभर झोपत नाही. त्याचा खरा अर्थ सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, म्हणजे आपल्या सोयीचा. CRED असेल तर सगळा खर्च आपल्या माथी, तेव्हा कपात आणखी वाढू शकते.

उरलेल्या ४३ डॉलरचं काम सोडू नका. संदेशाची प्रत जोडून आपल्या बँकेला पत्र द्या की हा फरक परदेशी बँकांच्या शुल्काचा आहे. नाही तर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टममधला कागद, तेवढ्या रकमेपुरतं उघडं राहतं आणि विचारणा येते. पुढच्या बिलावर मात्र अटच छापून घ्या: बँक खर्च OUR.