या चुका टाळा: विभागाच्या स्वयंमूल्यमापन अहवालात पुरावा निसटतो कुठे?

मानांकनासाठी पाठवायचा स्वयंमूल्यमापन अहवाल, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसएआर, बहुतेक विभाग आधी लिहून काढतात आणि पुरावे मागाहून शोधतात. सगळी गडबड इथूनच सुरू होते. अहवालात सहाशे विधानं असतात, कपाटात चारशे कागद असतात आणि कुठलं विधान कुठल्या कागदावर उभं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. पाहणी समिती नेमकं तेच विचारते.

निकषांची मांडणी संस्थेनुसार बदलते. भारतातल्या एनबीएच्या २०१५च्या पदवी अभियांत्रिकी नमुन्यात १० निकष आणि १००० गुण होते. अमेरिकेतल्या एबेटचे अभियांत्रिकीसाठी ८ सर्वसाधारण निकष आहेत आणि तिथे अशी गुणांची बेरीज नसते. पण पुरावा निसटतो तो कुठल्याही नमुन्यात साधारण त्याच तीन-चार ठिकाणी.

निकषाला नव्हे, वाक्याला पुरावा जोडा

‘निकष ५ची फाइल’ असा एक जाडजूड गठ्ठा करून ठेवणं ही सर्वांत सार्वत्रिक चूक. निकष म्हणजे नुसतं शीर्षक असतं. दावा असतो तो त्याखालच्या वाक्यात. म्हणून मॅपिंगचा तक्ता वाक्यानिशी करावा: उपनिकषाचा क्रमांक, दाव्याचं वाक्य, पुराव्याचा क्रमांक, फाइलमधलं पान, कागदाची तारीख आणि तो कागद कुणाच्या ताब्यात आहे. एवढे सहा रकाने पुरतात.

‘विभागातर्फे नियमितपणे औद्योगिक भेटी आयोजित केल्या जातात’ हे वाक्य घ्या. ‘नियमितपणे’ या शब्दाला कुठलाही कागद पुरावा होऊ शकत नाही. त्याऐवजी ‘२०२३-२४ मध्ये तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन भेटी झाल्या, ५८ पैकी अनुक्रमे ५१ आणि ४७ विद्यार्थी गेले’ असं लिहिलं, की काय जोडायचं ते वाक्यच सांगतं. दोन्ही दिवसांची हजेरी, यजमान कंपनीचं पत्र आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांचे काही नमुने एवढं जोडावं. बहुतेक फाइलींत मात्र फक्त प्राचार्यांचं परवानगीपत्र सापडतं. परवानगीपत्रावरून भेट ठरली होती एवढंच कळतं, ती झाली की नाही हे कळत नाही. कार्यशाळेची सूचना आणि व्याख्यानाची पत्रिका यांचीही तीच गत.

पुराव्याला क्रमांक एकदाच द्यावा आणि फाइलच्या नावातही तोच ठेवावा, उदाहरणार्थ `3-2-2_E04_DBMS_2023-24.pdf`. तोच कागद दुसऱ्या निकषात लागला तर त्याची नवी प्रत नव्या नावाने करू नये, जुनाच क्रमांक तिथे लिहावा. एकाच इतिवृत्ताच्या तीन नावांच्या तीन प्रती झाल्या आणि त्यातल्या एकीवर सही नसली, की समितीच्या हाती हमखास तीच पडते.

आकडे एकमेकांशी भांडतात तेव्हा

प्रत्येक निकषाला वेगळा समन्वयक असतो आणि प्रत्येक जण आपली यादी आपल्या सवडीने मागवतो. मग शिक्षकांच्या निकषात १४ नावं, प्रयोगशाळांच्या तक्त्यात १५ आणि कार्यभाराच्या तक्त्यात १३. यात खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. एक शिक्षक जुलैत रुजू झालेला असतो, दुसरा डिसेंबरात सोडून गेलेला असतो आणि तिन्ही याद्या वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या असतात. पण २४० विद्यार्थ्यांना १५ शिक्षक धरले तर प्रमाण १६ येतं आणि १३ धरले तर साडेअठराच्या जवळ जातं. कुठला आकडा खरा, असं विचारल्यावर गोंधळ उडतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरही शंका येऊ लागते.

यावर उपाय म्हणजे एकच मूळ तक्ता. त्यात प्रत्येक शिक्षकाची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पात्रता आणि पद असावं. वर्षनिहाय मोजणीची तारीख आधी ठरवावी आणि ती अहवालात लिहावी. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नमुन्यात मोजणीचा नियम दिलेला असेल तर तोच घ्यावा, तिथे स्वतःचं डोकं चालवू नये. बाकी सगळे तक्ते या मूळ तक्त्यातूनच काढावेत. कुणी हाताने आकडा टाकला, की पुन्हा भांडण सुरू.

अटेनमेंट: जिथे एका नियमाने निकाल फिरतो

समिती सर्वांत जास्त वेळ घालवते ती सीओ-पीओ अटेनमेंटवर, म्हणजे विषयाची (सीओ) आणि पदवी अभ्यासक्रमाची (पीओ) ठरवलेली फलितं विद्यार्थ्यांनी किती गाठली या हिशेबावर, कारण हा आकडा मुळापर्यंत तपासता येतो. तपासताना तो पुन्हा तसाच निघाला नाही, तर पुढची सगळी चर्चा बचावाची होते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. डेटाबेस विषय, नोंदणी ६० विद्यार्थ्यांची. सीओ-३ असा: दिलेल्या गरजेनुसार तक्त्यांची रचना तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत नेणे. अंतर्गत चाचणीत या सीओवर एकूण १२ गुणांचे प्रश्न होते. विभागाचा नियम असा की सीओच्या ६० टक्के गुण, म्हणजे ७.२, मिळवणारे विद्यार्थी मोजायचे. असे विद्यार्थी ६० टक्के असतील तर पातळी १, ७० टक्के असतील तर २ आणि ८० टक्के असतील तर ३. चाचणीला तीन विद्यार्थी गैरहजर होते आणि ४६ जणांनी ७.२ची रेषा ओलांडली.

आता भाजक काय घ्यायचा? ४६ला ६०ने भागलं तर ७६.७ टक्के, म्हणजे पातळी २. गैरहजर वगळून ५७ने भागलं तर ८०.७ टक्के, म्हणजे पातळी ३. अंतिम परीक्षेत पातळी १ आली आणि अंतर्गतला ३० टक्के, अंतिमला ७० टक्के वजन दिलं, तर पहिल्या हिशेबाने १.३ येतात आणि दुसऱ्याने १.६. लक्ष्य १.५ असेल तर एकाच वर्गाचा एकच सीओ एका नियमाने नापास आणि दुसऱ्याने पास. दोन्ही भाजकांचं समर्थन करता येतं. फसगत होते ती एका शिक्षकाने ६० आणि दुसऱ्याने ५७ घेतल्यावर, किंवा गेल्या वर्षी एक आणि यंदा दुसरा घेतल्यावर. नियम कार्यपद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत लिहावा आणि सगळ्या विषयांना, सगळ्या वर्षांना तोच लावावा.

याच हिशेबात आणखी एक खड्डा आहे तो पर्यायी प्रश्नांचा. ४ (अ) सीओ-३ वर आणि ‘किंवा’ ४ (ब) सीओ-४ वर असेल, तर (ब) सोडवणाऱ्याला सीओ-३ मध्ये शून्य पडतं, जरी त्याला तो भाग येत असला तरी. एक्सेलचा तक्ता हे बिनबोभाट करतो. एखाद्या सीओची टक्केवारी विषयाच्या एकूण निकालापेक्षा अचानक खूप खाली दिसली, तर आधी प्रश्नपत्रिका उघडून पर्याय पाहा. पुढच्या खेपेपासून दोन्ही पर्याय एकाच सीओवर ठेवा.

अंतिम परीक्षेचे प्रश्ननिहाय गुण मिळत नसतील तर विषयाच्या एकूण गुणांवरची पातळीच सगळ्या सीओंना लावली जाते. हे चालतं, पण तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. ते न लिहिता ‘अंतिम परीक्षेच्या विश्लेषणातून सीओ-३ कमकुवत आढळला’ असं वाक्य टाकलं, तर ते पाहिल्या पाहिल्याच पकडलं जातं. सगळ्या सीओंचा आकडा सारखाच असताना त्यातला एकच कमकुवत कसा आढळला?

सीओ आणि पीओ यांच्या मॅपिंगमध्ये मात्र चूक उलटी होते. तिथे कागद कमी पडत नाही, ३ चा आकडा जास्त पडतो. डेटाबेसच्या सीओ-३ समोर ‘समाज आणि अभियंता’ या पीओला ३ दिलेले असतात आणि विचारलं तर कुठला प्रश्न, कुठलं काम त्यासाठी दिलं होतं हे सांगता येत नाही. प्रत्येक आकड्यापुढे एका ओळीचं कारण लिहायला बसलं, की अशा बऱ्याच जागी आपोआप आडवी रेघ येते. ती येऊ द्यावी. मोकळ्या जागा असलेलं मॅट्रिक्स जास्त विश्वसनीय वाटतं.

सुधारणेचा फेरा अर्धाच राहतो

सतत सुधारणेच्या निकषात ठरलेलं वाक्य असतं: ‘लक्ष्य साध्य झालं नाही, म्हणून जादा तास घेण्यात आले.’ पुढे काहीच नाही. इथे चार दुवे लागतात: काय कमी पडलं, का पडलं, काय केलं आणि पुढच्या तुकडीत काय दिसलं. वरच्याच उदाहरणात रेषेखाली राहिलेल्या ११ उत्तरपत्रिका वाचल्या आणि बहुतेकांचं उत्तर दुसऱ्या नॉर्मल फॉर्मवर थांबलेलं दिसलं, ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी ओळखताच आली नाही, तर कारण हातात आलं. उपाय म्हणून त्या एका मुद्द्यावर दोन ट्यूटोरियल आणि सरावपत्रक दिलं. पुढच्या वर्षी ६१ पैकी ५१ जणांनी रेषा ओलांडली, म्हणजे त्याच नोंदणीच्या भाजकाने ८३.६ टक्के. आता दोन्ही वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून जोडाव्यात. यंदाचा प्रश्न सोपा असेल तर सुधारणा ट्यूटोरियलमुळे झाली असं म्हणता येत नाही आणि ते आपण आधीच पाहिलेलं बरं.

तारखांचा क्रमही इथेच उघडा पडतो. निकाल २० जूनला लागला आणि त्यावर चर्चा झाल्याचं इतिवृत्त १२ जूनचं. तीन वर्षांची इतिवृत्तं एकाच साच्यात, एकाच शाईत, सदस्यांच्या सह्या त्याच क्रमाने. वर्षभरात बैठक झालीच नसेल तर मागच्या तारखेचा कागद बनवू नका. ‘२०२२-२३ मध्ये विश्लेषणाची बैठक झाली नाही, २०२३-२४ पासून दर सत्राअखेर घेतली जाते’ असं लिहिल्याने थोडे गुण जातील. बनावट कागद सापडला तर त्या एका निकषापुरतं प्रकरण थांबत नाही.

अहवाल पाठवण्याआधी दुसऱ्या विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला बोलवा. त्यांनी अहवालातली कुठलीही दहा वाक्यं निवडावीत आणि फक्त तक्त्याच्या आधारे, कुणाला न विचारता, त्यांचे पुरावे काढून दाखवावेत. एका वाक्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर तक्त्यात पान क्रमांक नाही किंवा चुकीचा आहे. कागद सापडला पण वाक्यातला आकडा त्यात नसेल तर वाक्य बदलायचं, कागद नाही. अटेनमेंटच्या आकड्यासाठी त्यांच्या हाती गुणपत्रक, प्रश्नपत्रिका आणि लेखी नियम एवढंच द्या आणि तोच आकडा पुन्हा निघतो का ते पाहा. हे काम अहवाल जमा करण्याच्या किमान तीन आठवडे आधी करा, कारण एक भाजक बदलला तरी त्यावर उभे असलेले सीओचे, पीओचे आणि सुधारणेचे सगळे तक्ते नव्याने काढावे लागतात.