फलकावरच्या नकाशातून आई-बाबांचा दिवस आखताना

गुहागरसारख्या ठिकाणच्या पर्यटन फलकाचा फोटो समोर उभं राहून, सरळ काढा. तिरक्या फोटोत बारीक नावं वाचता येत नाहीत. हे नकाशे प्रमाणात नसतात. त्यावर हेदवी आणि गणपतीपुळे शेजारी दिसतात, पण मध्ये जयगडची खाडी आहे. गाडी तवसाळहून फेरीबोटीत चढवावी लागते आणि बोटीची वाट पाहण्यात वेळ जातो. म्हणून फोटोतलं प्रत्येक नाव फोनच्या नकाशात टाका आणि गाडीची मिनिटं फोटोवरच लिहा. वळणाचा रस्ता असल्याने त्यात थोडी भर घालाच.

मग चालणं तपासा. हेदवीच्या दशभुज गणेशाच्या देवळाजवळ गाडी जाते. तिथलीच बामणघळ मात्र खडकांवरून चालत गाठावी लागते, दुखऱ्या गुडघ्यांसाठी ती सरळ खोडून टाका. फलकावर दोन्ही ठिपके सारखेच दिसतात.

सकाळी लवकर निघून हेदवी, परतीच्या वाटेवर वेळणेश्वर, जेवायला मुक्कामी. दुपारी चारपर्यंत झोप. संध्याकाळी व्याडेश्वर आणि गुहागरचा किनारा. बाबांच्या गोळ्यांच्या वेळाही त्याच फोटोवर लिहा, तो ड्रायव्हरलाही पाठवा.