औषधांची चिठ्ठी अरबीत नेताना: 1-0-0 चं काय करायचं?

ओमान, येमेन, इराकहून मुंबईत उपचारांसाठी आलेला पेशंट परत जातो तेव्हा त्याच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आणि महिनाभराच्या गोळ्या असतात. गोळ्या संपत आल्या की चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि तिकडच्या फार्मासिस्टसाठी अरबी भाषांतर हवं असतं. फार्मासिस्टला इंग्रजी अक्षरं बहुतेक वेळा वाचता येतात. अडतं ते दोन ठिकाणी: आपल्याकडच्या ब्रँडची नावं आणि गोळी कधी घ्यायची याच्या खुणा. नव्या भाषांतरकाराने पहिले काही महिने या दोनच गोष्टींवर जीव लावावा.

आधी फोटो. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो दाबून लहान करतं आणि पेनची बारीक रेघ, दशांशाचा ठिपका त्यात हरवतो. म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. कागद सपाट ठेवलेला आणि चारही कोपरे दिसणारे हवेत, मागची बाजूही हवी. त्याबरोबर केमिस्टच्या बिलाचा आणि गोळ्यांच्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो मागायला विसरू नका. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही तिथे बिलावर औषधाचं नाव छापलेलं असतं आणि स्ट्रिपवर घटक व मात्रा. मात्र केमिस्टने बदली ब्रँड दिलेला असू शकतो, त्यामुळे बिल हा पडताळा आहे, मूळ नाही. तिन्ही जुळले तरच पुढे जा.

समजा, चिठ्ठीवर हे आहे:

```
Tab Glycomet-GP 1   1-0-0   BBF
Tab Atorva 20       0-0-1   HS
Tab Dolo 650        SOS
```

पहिल्या ओळीतलं नाव तिकडच्या दुकानात कुणाला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून ब्रँड जसाच्या तसा ठेवायचा आणि खाली घटक लिहायचे: ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, सावकाश विरघळणारी गोळी. नावातला १ हा ग्लिमेपिराइडचा आकडा आहे, गोळ्यांची संख्या नव्हे. याच नावापुढे ‘फोर्ट’ असेल तर मेटफॉर्मिन १००० होतं, म्हणजे फोटोच्या कडेला कापला गेलेला एक शब्द मात्रा दुप्पट करतो. घटकांची नावं रोमन लिपीतच ठेवा, शेजारी अरबी द्या. अरबीत ‘प’ नाही, तो ‘ब’ होतो, आणि ‘ग’ कोणत्या अक्षराने लिहायचा हे देशागणिक बदलतं. नुसतं अरबी लिहिलं तर फार्मासिस्टला उलट अंदाज बांधत बसावं लागतं.

आता खरी मेख. 1-0-0 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही, हे आपल्याकडे पेशंटच्या घरातली आजीसुद्धा सांगेल. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. तेच आकडे उजवीकडून वाचले की शून्य, शून्य, एक होतात आणि सकाळची गोळी रात्रीवर जाते. भरीला, अरबी शब्दांनंतर हे आकडे टाइप केले की संगणकाची मजकूर मांडण्याची पद्धतच त्यांची जागा बदलते: आपण 1-0-0 टाइप करतो, पडद्यावर 0-0-1 दिसतं. कुणी ते उजवीकडून वाचतो, कुणी डावीकडून, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. चूक पकडायलाही अवघड, कारण 1-0-1 कुठूनही सारखंच वाचलं जातं. नवखा माणूस त्यावर तपासतो आणि निर्धास्त होतो.

ग्लिमेपिराइड रक्तातली साखर खाली आणतं, म्हणून ते न्याहारीच्या आसपास देतात. ते रात्री न खाता घेतलं तर झोपेत साखर उतरते: घाम, थरथर, गोंधळ, आणि शेजारी कुणी जागं नसतं. म्हणून नियम एकच, आकड्यांची माळ अरबीत न्यायचीच नाही. शब्दांत लिहायचं: ‘कुर्स वाहिद सबाहन’, सकाळी एक गोळी. ‘मर्रा वाहिदा यौमियन’, दिवसातून एकदा.

पुढे बीबीएफ, म्हणजे न्याहारीआधी. इथे ‘कब्ल अल-इफ्तार’ लिहिण्याचा मोह होतो. ते चूक नाही, पण रमजानमध्ये इफ्तार म्हणजे सूर्यास्तानंतर रोजा सोडणं. ‘सबाहन’ आधी असेल तर संभ्रम बराच कमी होतो, म्हणून वेळ आणि जेवण दोन्ही लिहा. रमजान जवळ असेल तर साखरेच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांनीच ठरवायची असते. तसं कळवा, आपण बदलू नका. ‘अर्धा तास आधी’ असं पुष्कळ जण सवयीने घालतात. चिठ्ठीवर नसेल तर तेही घालायचं नाही.

दुसऱ्या ओळीत एचएस, झोपताना: ‘इंद अन-नौम’. इथे ‘बाद अल-अशा’, रात्रीच्या जेवणानंतर, असं लिहिलं तर आणखी एक खड्डा आहे. स्वरचिन्हं न देता लिहिलं की रात्रीचं जेवण आणि इशाची नमाज यांची अक्षरं सारखीच दिसतात. जेवणच म्हणायचं असेल तेव्हा ‘वज्बत अल-अशा’ लिहा. ‘वज्बा’ म्हणजे जेवण, मग शंका राहत नाही.

एसओएस पाहून काही जण ‘तातडीचं’ असा अर्थ लावतात. हे लॅटिन शब्दांचं संक्षिप्त रूप आहे, गरज पडली तर. अरबीत ‘इंद अल-लुझूम’. त्यात दोन गोष्टी राहिलेल्या असतात: कशासाठी, आणि दिवसात जास्तीत जास्त किती. त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डोलो ६५० म्हणजे पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. तिकडे ५०० ची गोळी हाती आली तर काय करायचं हे फार्मासिस्ट आणि डॉक्टर ठरवतील, पण आपण ६५० स्पष्ट लिहिलं तरच.

ओडीचंही सांगायला हवं. आपल्याकडे ते दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीत जगभर त्याचा अर्थ उजवा डोळा असाही होतो. डोळ्यांच्या थेंबांपुढे ओडी दिसलं तर न विचारता भाषांतर करू नये.

आकडे इंग्रजी अंकांतच ठेवा. आखाती देश, येमेन, इराकमधल्या अंकांत पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. अर्धी गोळी ‘निस्फ कुर्स’ अशी शब्दांत लिहिली की दशांशाचा प्रश्नच उरत नाही. मायक्रोग्रॅमही पूर्ण शब्दात. मांडणीसाठी तीन रकान्यांचं उजवीकडून सुरू होणारं टेबल करा, नाव, मात्रा, वेळ वेगवेगळ्या रकान्यांत, आणि पीडीएफ करून पाठवा. वर्डची फाइल दुसऱ्या फोनवर उघडली की ओळी हलू शकतात.

जे वाचता आलं नाही तिथे चौकटी कंसात ‘गैर वादिह’, अस्पष्ट, असं लिहून मूळ फोटो जोडा. अंदाजाने नाव भरू नका. ट्रामाडॉल, प्रीगॅबलिनसारखी औषधं युएईसारख्या देशांत नियंत्रित यादीत आहेत. भाषांतर अचूक असलं तरी ती स्थानिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा.

पाठवण्याआधी अरबी कागद मूळ चिठ्ठी न पाहिलेल्या, अरबी जाणणाऱ्या माणसाला द्या आणि विचारा, “सकाळी सात वाजता कोणती गोळी घ्यायची, रात्री कोणती?” त्याचं उत्तर चिठ्ठीशी ताडून पाहा.