गणवेशाचं कापड: आधी धुवा, मग थेंब टाका

बडोद्यात जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हवा दमट, घाम सुकता सुकत नाही. म्हणून कापडात सूत किती ते तपासायला शर्टाच्या कापडाचा वीतभर तुकडा दुकानातून आणा आणि आधी साबणाने धुऊन वाळवा. कोऱ्या कापडावरच्या फिनिशमुळे चाचणी फसते. मग पाण्याचा एक थेंब टाका. सूत जास्त असेल तर तो लगेच पसरतो, मण्यासारखा उभा राहिला तर बहुधा पॉलिएस्टर जास्त. शंका उरली तर मोठ्यांनी दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहावेत: मऊ राखेत कडक गाठ लागली की मिश्रण समजा. लिननही सुतासारखंच जळतं, पण फार चुरगळतं. रोजच्या गणवेशाला नकोच. निव्वळ सुती शर्ट पावसाळ्यात रात्रभरात वाळत नाही, म्हणून एकच जोड असेल तर 60 टक्के सुताचं मिश्रण बरं.