अ‍ॅस्पिरिन आणि वेदनाशामकांचे प्रश्न सोडवताना या चुका टाळा

परीक्षेत हमखास भेटणारा रुग्ण घेऊ. वय ६८. हृदयविकारासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी. गुडघेदुखीसाठी दोन आठवडे आयबुप्रोफेन घेतलं. आता शौचाला डांबरासारखं काळं होतंय, लघवी कमी झालीय, क्रिएटिनिन वाढलंय. प्रश्न असतो: हे का झालं?

बहुतेक उत्तरांत एकच वाक्य असतं: कॉक्स अडवल्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी झाली. वाक्य खरं आहे, पण अपुरं. ती कुठे कमी झाली आणि तिथे काय काम करत होती, हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

जठरापासून सुरू करू. ‘गोळीने अस्तर जाळलं’ एवढंच लिहू नका. कॉक्स-१ पासून बनणारी प्रोस्टाग्लँडिन तिथे श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा टिकवतात. औषध रक्तातूनही तिथे पोचतं, म्हणून इंजेक्शननेही व्रण होऊ शकतो आणि आतड्यात विरघळणारं आवरण पूर्ण संरक्षण देत नाही.

व्रणातून रक्त वाहत राहतं ते प्लेटलेट नीट काम करत नसल्यामुळे. इथे अ‍ॅस्पिरिनच्या अर्धायुष्यावरून परिणामाची मुदत काढणं ही मोठी चूक. मूळ अ‍ॅस्पिरिन रक्तातून तासाभरात जवळपास नाहीसं होतं, पण जाताना कॉक्स-१ मधल्या सेरीनवर अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवून जातं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. ती ७ ते १० दिवस जगते आणि तेवढे दिवस थ्रॉम्बॉक्सेनविना राहते. आयबुप्रोफेन मात्र त्याच जागेत तात्पुरतं बसतं. ते आधी घेतलं तर अ‍ॅस्पिरिनला सेरीनपर्यंत पोचता येत नाही आणि हृदयाचं संरक्षण घटू शकतं. दोन्हींचा फायदा मिळून वाढतो असं गृहीत धरू नका.

मूत्रपिंडात सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून पाहा. निरोगी माणसात तिथल्या प्रोस्टाग्लँडिनवर फारसं अवलंबून नसतं. लघवीच्या गोळीने द्रव घटला की मात्र रक्त आत आणणारी धमनिका त्यांच्याच जोरावर उघडी राहते. आयबुप्रोफेनने ती आकसते. रक्त बाहेर नेणारी धमनिका अँजिओटेन्सिनने आवळून दाब राखला असता, पण रॅमिप्रिलने ती सैल केलेली असते. आत येणं कमी, बाहेर जाणं सोपं. गाळणीचा दाब पडतो. या दोन धमनिका उलट लिहिल्या की अख्खं स्पष्टीकरण कोसळतं. मूत्रपिंड वाचवायला सेलेकॉक्सिब सुचवणंही चूक, कारण कॉक्स-२ तिथे एरवीही असतं.

‘आधी काय थांबवाल?’ असं विचारलं तर आयबुप्रोफेन. रॅमिप्रिल आणि लघवीची गोळीही तूर्त रोखतात. त्यानंतर क्रिएटिनिन बहुधा काही दिवसांत उतरू लागतं. अ‍ॅस्पिरिन थांबवलं तरी त्याचा रक्तस्रावावरचा परिणाम मात्र नव्या प्लेटलेट येतील तसाच ओसरतो.